अजिंठ्याच्या चित्रांतील दात्यांना नावे देताना : अभ्यासाची नोंद

नाशिकला राहणाऱ्याला ब्राह्मीचा सराव पांडवलेणीत फुकट मिळतो. दहाव्या लेण्यातील क्षत्रप राजा नहपानाची कन्या दखमित्रा हिचा दान नोंदवणारा लेख आता मी छायाचित्रावरून अडखळत का होईना, वाचू शकतो. मात्र दात्यांची नावे एवढी मुबलक असली, तरी त्यांच्या आकृत्या इथे नाहीत. त्यामुळे आकृती आणि नाव यांची सांगड कशी घालतात, हे पाहण्यासाठी मी अजिंठ्याच्या चित्रांकडे वळलो.

त्याआधी नाणेघाटाची छायाचित्रे समोर ठेवली. तिथली उदाहरणे चित्रे नसून शिल्पे आहेत, पण तत्त्व स्वच्छ दिसते. लेण्याच्या मागील भिंतीवर सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज त्यांच्या पावलांच्या खुणांपलीकडे फारसे काही उरलेले नाही. प्रत्येक मूर्तीच्या डोक्यावर मात्र तिचे नाव कोरलेले होते, आणि म्हणूनच ‘राया सिमुक सातवाहनो सिरिमातो’ कुठे उभा होता आणि देवी नायनिका व सिरि सातकनि कुठे होते, हे चेहरे नसतानाही निश्चित सांगता येते. अशा लेखाला मी माझ्या वहीत ‘नामलेख’ म्हणतो, कारण तो त्याच आकृतीविषयी बोलतो.

अजिंठ्यात असे सरळ प्रकरण क्वचितच सापडते. दहावे लेणे इसवी सनापूर्वीचे असले, तरी त्याच्या अष्टकोनी खांबांवरील बुद्धप्रतिमा बऱ्याच नंतरच्या, म्हणजे पाचव्या शतकाच्या आसपासच्या आहेत. अशा नंतरच्या बुद्धप्रतिमांच्या पायाशी कुठे कुठे गुडघे टेकलेली, हात जोडलेली छोटी आकृती दिसते आणि जवळच रंगाने लिहिलेली एखादी ओळ असते. मुंडण केलेले डोके आणि चीवर पाहून तो भिक्षू आहे एवढे कळते. त्यापलीकडे चेहरा काही सांगत नाही, कारण चित्रकाराने भक्ताचा ठरीव साचाच वापरलेला आहे. ओळीची सुरुवात बहुधा ‘देयधर्मोऽयं शाक्यभिक्षोः’, म्हणजे ‘हे शाक्यभिक्षूचे दान’, अशी असते आणि नाव त्यानंतर येते. मी आता आधी षष्ठीचा प्रत्यय शोधतो. पोपडा निघून नाव अर्धे गेले असले, तरी शेवटचा ‘स्य’ शिल्लक असेल, तर नाव कुठे संपत होते ते ठरते आणि गेलेल्या अक्षरांच्या जागेचा अंदाज बांधता येतो. अक्षरांच्या वळणावरून आणि संस्कृत भाषेवरून ही ओळ लेण्याच्या मूळ प्राकृत लेखांहून वेगळ्या काळाची आहे, हेही लगेच ओळखू येते.

खरी अडचण यापुढे आहे. हा नामलेख नसून दानलेख आहे. तो चित्र कोणी दिले ते सांगतो, गुडघे टेकलेला कोण ते सांगत नाही. पूर्ण सूत्रात पुण्य ‘मातापितृपूर्वङ्गमं कृत्वा’, म्हणजे आईवडिलांना अग्रस्थानी ठेवून, सर्व सत्त्वांना, म्हणजे प्राणिमात्रांना दिलेले असते. त्यामुळे लेखात भिक्षूचे नाव असून पायाशी गृहस्थ जोडपे दिसले, तर ते त्याचे आईवडील असावेत असे म्हणण्याचा मोह होतो. पण लेखात तसे नसेल, तर मी तिथे प्रश्नचिन्हच ठेवतो. शिवाय या प्रतिमा दाटीवाटीने रंगवलेल्या आहेत, तेव्हा दोन प्रतिमांच्या मधली ओळ नेमकी कोणाची, हे पाहण्यासाठी चौकटीची रेघ आणि ओळीची पातळी तपासावी लागते. लेखाचा नुसता जवळून घेतलेला फोटो या कामाला निरुपयोगी ठरतो. दोन्ही प्रतिमा एकत्र दिसतील असा फोटो हवाच.

लेख थोडा दूर असला की काय होते, याचे उत्तम उदाहरण तमिळनाडूतील सित्तन्नवासलच्या जैन लेण्यात आहे. खांबावर मुकुटधारी पुरुष आणि त्याच्यामागे स्त्री रंगवलेली आहे. पूर्वी हे लेणे आणि तिथली चित्रे पल्लव राजा महेंद्रवर्मन पहिला याच्या काळातील, म्हणजे सातव्या शतकातील मानली जात आणि मुकुटधारी पुरुष म्हणजे तोच, असेही सांगितले जाई. पुढे दर्शनी बाजूच्या खडकावरील तमिळ लेखाकडे लक्ष गेले. पांड्य राजा श्रीवल्लभ याच्या काळात मदुरेच्या इळन् गौतमन् या आचार्याने आतील मंडपाचा जीर्णोद्धार करून पुढचा मंडप बांधला, असा त्याचा आशय आहे. त्यामुळे चित्रांचा काळ नवव्या शतकात आला आणि तोच चेहरा श्रीमार श्रीवल्लभाचा ठरला. माझ्या मते हे नाव जुन्या नावापेक्षा कितीतरी भक्कम आहे, तरीही लेख बांधकामाविषयी आहे, त्या खांबावरच्या आकृतीविषयी नाही. म्हणून वहीत त्याच्यापुढे ‘संभाव्य’ असेच लिहिले आहे.

सध्या अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याच्या खांबांची छायाचित्रे लावून घेत आहे. तक्त्यात लेखाचा पाठ, त्याची नेमकी जागा आणि आकृतीचा वेष असे रकाने आहेत. चेहऱ्याच्या वर्णनाचा रकाना काढून टाकला आहे.