फाइल टेबलावर आपटली, आणि...

"आई, आज ऑफिसात कोण चिडलं होतं?"

मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. लेकीने फक्त माझं कुलूप उघडणं ऐकलं होतं.

चिडले होते आमचे साहेब. सकाळी मीटिंगला आले, कुणाला काही बोलले नाहीत, फक्त फाइल टेबलावर जरा जोरात ठेवली. दुपारपर्यंत आम्ही सहाही जण एकमेकांना तुटक उत्तरं देत होतो. मला वाटलं, उकाड्याने डोकं उठलंय.

हे असंच होतं, असं सिगल बारसेड या संशोधिकेने २००२ साली दाखवलं होतं. विद्यार्थ्यांचे गट बोनस वाटपावर चर्चा करत होते. प्रत्येक गटात एक जण शिकवून बसवलेला, ठरलेला मूड वठवणारा. तो प्रसन्न असला की गटात सहकार्य वाढायचं, वाद कमी व्हायचे. आणि हा मूड त्याच्याकडून आलाय हे बाकीच्यांच्या लक्षातही यायचं नाही. माझा उकाडा तसलाच.

रात्री वाढताना सासूबाईंनी पातेलं जरा जोरात ठेवलं. तोच आवाज. माझ्या पोटात धस्स झालं.

साहेबांकडे तरी तो मूड सकाळी कुठून आला असेल?