मंडईतलं शूटिंग आणि मावशींची सही

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत भाजी विकणाऱ्या एका मावशींवर आम्ही तिघांनी १२ मिनिटांचा माहितीपट केला. निम्मं शूटिंग त्यांच्या गाळ्यावर, निम्मं त्यांच्या घरी. मावशींनी "या की, काढा फोटो" म्हटलं तेव्हा मला वाटलं, परवानगी मिळाली. खरं तर ती फक्त मावशींपुरती होती.

मंडईची दगडी इमारत महापालिकेची, मावशी तिथल्या गाळेधारक. त्यामुळे जागेची परवानगी महापालिकेकडूनच घ्यायची होती. माझा पहिला अर्ज चार ओळींचा होता: "आम्हांला मंडईत चित्रीकरण करायचे आहे, तरी परवानगी मिळावी." खिडकीवरच्या बाईंनी तो वाचून दोनच प्रश्न विचारले, "किती माणसं? सामान काय?" दोन्हींची उत्तरं अर्जात नव्हती. परवानगी देणाऱ्याला चित्रपटाच्या विषयाआधी हीच काळजी असते, की वाट अडेल का आणि धंदा थांबेल का.

दुसऱ्या अर्जात मी तेच लिहिलं. माणसं तीन, हातातला एक कॅमेरा, एक माइक. स्टँड, दिवे, ड्रोन नाही. तारीख, सकाळी ६ ते ९ ही वेळ आणि मंडईचा नेमका कोणता भाग. सोबत अर्ध्या पानाचा सारांश आणि तिघांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडल्या. अर्जाच्या दोन प्रती नेल्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. पुढे चौकशी करायची तर तो क्रमांकच सांगावा लागतो. बाहेरच्या रस्त्यावरही एक शॉट हवा होता. रस्ता मंडईच्या परवानगीत येत नाही, म्हणून पोलीस ठाण्याला वेगळं पत्र दिलं.

परवानगी हातात आली तरी ती जागेचीच असते, माणसांच्या चेहऱ्यांची नाही. गर्दीत पाठमोरं जाणाऱ्या प्रत्येकाची सही घेणं शक्य नाही, तशी गरजही नाही. आम्ही प्रवेशाजवळ मोठ्या अक्षरांत "येथे चित्रीकरण सुरू आहे, दिसायचे नसल्यास कृपया सांगा" असा फलक लावला. पण जो माणूस ओळखू येतो, बोलतो किंवा गोष्टीचा भाग होतो, त्याचं संमतिपत्र घ्यायचंच, असं आम्ही ठरवलं. शेजारच्या गाळ्यावरचे काका मावशींशी भावावरून हुज्जत घालताना छान दिसत होते. शूटिंग संपताच मी फॉर्म घेऊन गेले, तर ते म्हणाले, "मला नको." तो तुकडा आम्ही वापरला नाही. आधी विचारलं असतं तर कॅमेरा त्या बाजूला वळवलाच नसता.

मावशींसाठीचा फॉर्म मी इंटरनेटवरून घेऊन भाषांतर केला होता. त्यात "संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी" असे शब्द होते. मी वाचून दाखवत असताना त्यांनी थांबवलं. "विश्वात म्हणजे कुठं गं? माझ्या सुनेच्या माहेरी दिसंल का?" मला उत्तर देता आलं नाही. मग मी तो फाडला आणि एका पानात पुन्हा लिहिला: चित्रपट महोत्सवांत आणि इंटरनेटवर दाखवू, चेहरा, आवाज आणि नाव वापरू, जाहिरातीसाठी वापरणार नाही, मोबदला किती आणि कधी, अंतिम प्रत तयार होण्याआधी एखादा भाग काढायला सांगता येईल. शेवटी माझा फोन नंबर. मावशींना सही येत होती, पण अंगठा असता तर वाचून दाखवणाऱ्या साक्षीदाराचीही सही घेतली असती. फॉर्म हातात धरलेला त्यांचा फोटोही काढला, कारण महिन्याभरानं एडिटिंगला बसल्यावर कोणता फॉर्म कुणाचा हे आठवत नाही.

घरी गेल्यावर आणखी दोन गोष्टी कळल्या. खोली भाड्याची होती. मावशींच्या संमतीनं आत जाता येतं, पण जिना, चौक आणि वाड्याचा दर्शनी भाग मालकांचा. त्यांच्याकडून जागेचं वेगळं पत्र घेतलं. त्यात दिवस, तास आणि काही मोडलं-फुटलं तर भरपाई आमची, एवढंच होतं. दुसरी गोष्ट नातीची. नऊ वर्षांची ती पोरगी आजीजवळ बसून मटार सोलत होती. आजी म्हणाल्या, "मी सही करते की." पण मुलीचे आईवडील हयात आणि जवळ असताना आजीची सही पुरेशी मानायला मी तयार नव्हते. आई कामावरून सातला आली. तिला फॉर्म वाचून दाखवला, तिनं शाळेचं नाव दिसू नये अशी एक ओळ स्वतः वाढवली आणि सही केली. दप्तरावर शाळेचं नाव होतं. आम्ही दप्तर बाजूला ठेवलं, टीव्हीवरची मालिका बंद केली आणि मगच कॅमेरा सुरू केला.

प्रत्येक फॉर्मची एक प्रत आम्ही त्यांच्याकडे ठेवली. मावशींनी ती भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खोचली आणि सुनेला सांगितलं, "यात हिचा नंबर आहे बघ. काय वाटलं तर फोन करू."