कॉर्ड्स त्याच, बेस मात्र उतरत जातो

माझ्या स्टुडिओत भजनापासून दुकानाच्या जाहिरातीपर्यंत सगळं रेकॉर्ड होतं, आणि बहुतेक वेळा अरेंजरचं काम काय तर तबला बसवा, कीबोर्डवर चार कॉर्ड्स लावा, बासरीचा एक पीस टाका, झालं. बाहेरच्यांना वाटतं अरेंजिंग म्हणजे वाद्यं वाढवत जाणं. पण मागच्या महिन्यात एक गाणं आलं आणि त्यात मी वाद्यांची गर्दी न करता एका अंतऱ्याचा रंग बदलला, तो अजून डोक्यातून जात नाहीये.

गाणं लिहिलेले मामा आयुष्यभर यंत्रमागावर काम केलेले, आता रिटायर. मुलगा कामासाठी भिवंडीला गेलाय आणि इकडे आई रोज संध्याकाळी वाट बघतीये, असा विषय. दुसऱ्या अंतऱ्याच्या ओळी अशा:

दिवा लाविते रोजच्या जागी
सावली रोज सरकत जाते

चाल लावणारे सर चांगले पेटीवादक. चाल सुंदर होती, केरवा पण एकदम संथ. ताई पांढरी सहामध्ये गातात, म्हणजे सा कीबोर्डच्या ए वर. अंतऱ्याला चार कॉर्ड्सची साखळी आणि प्रत्येक कॉर्डला एक आवर्तन: ए मायनर, सी मेजर, परत ए मायनर, मग ई मेजर. पहिल्या अंतऱ्यात हीच साखळी, दुसऱ्यातही हीच. सरांचं म्हणणं, दुसरा अंतरा जास्त दुःखाचा आहे तर कॉर्ड्स बदल, काहीतरी जड टाक. मला ते पटेना, कारण ती बाई रोज तेच करतीये हो, दिवा त्याच जागी लावतीये, मग कॉर्ड्स बदलून कसं चालेल? बदलतीये ती सावली. म्हणून म्हणलं कीबोर्डवर उजव्या हातातल्या कॉर्ड्सना काही हात लावायचा नाही, फक्त खालचा बेस, म्हणजे सगळ्यात खाली वाजणारा सूर, तेवढा सरकवायचा.

आधी बेस प्रत्येक कॉर्डच्या मूळ सुरावर होता: ए, सी, ए, ई. म्हणजे वर उडी, खाली उडी, नेहमीचं. त्याऐवजी मी तो पायरी पायरीने उतरवला. पहिल्या आवर्तनात ए. दुसऱ्यात वर सी मेजरच, पण खाली सी न वाजवता जी. तिसऱ्यात वर परत ए मायनर, खाली पहिल्या चार मात्रा एफ शार्प आणि पुढच्या चार मात्रा एफ. चौथ्यात ई. सरगममध्ये सांगायचं तर सा, कोमल नि, शुद्ध ध, कोमल ध, पंचम.

यातलं तिसरं आवर्तन नीट ऐकण्यासारखं आहे. उजव्या हातात सा, कोमल ग, प, तेच तीन सूर, बोटं हलत नाहीत. खाली एफ शार्प आला की तीच ए मायनर अचानक अधांतरी होते, कारण एफ शार्प आणि वरचा कोमल ग म्हणजे सी, यांच्यात सहा श्रुतींचं नव्हे, पेटीवरच्या सहा पट्ट्यांचं अंतर पडतं, आणि ते कानाला टेकू देत नाही. चार मात्रांनी बेस एकच पट्टी खाली एफ वर येतो आणि तोच ए मायनर आता एफ मेजर सेव्हन्थ होतो, जरा ऊब येते, पण पूर्ण समाधान नाही. ताईंच्या गळ्यात तेव्हा 'सरकत' हा शब्द असतो. गळा जवळजवळ जागेवर, खालून जमीन दोनदा बदलते.

ही युक्ती माझी नाही, युरोपात सतराव्या शतकात विलापाच्या गाण्यांना सा पासून पंचमापर्यंत उतरणारा बेस ही ठरलेली रीतच होती. हेन्री पर्सेलच्या १६८० च्या दशकातल्या 'डायडो अँड ईनियस' ऑपेरात शेवटी डायडो मरणाआधी गाते, तिथे खाली पाच बार म्हणजे पाच मापं लांबीचा बेस असाच अर्ध्या अर्ध्या पायरीने उतरतो आणि परत परत येत राहतो, गळा वर आपला मोकळा फिरतो.

आता सरांना हे ऐकवल्यावर ते खूश झाले आणि मग अडचण सुरू झाली. त्यांनी कुठंतरी पूर्ण उतरता बेस ऐकला होता, त्यांना एकही पट्टी सोडायची नव्हती. ए नंतर जी शार्प, मग जी, मग एफ शार्प, असं सगळं. कागदावर ते बरोबरच आहे, कित्येक गाण्यांत ते असतं आणि जबरदस्त लागतं. पण या चालीत पहिल्या आवर्तनाच्या शेवटच्या चार मात्रांत ताई कोमल निषादावर येऊन थांबतात, म्हणजे जी वर, आणि तो सूर लांबवून पुढच्या आवर्तनात नेतात. त्याच चार मात्रांत खाली जी शार्प म्हणजे शुद्ध निषाद वाजला तर एकाच वेळी दोन्ही निषाद. त्यात ताईंच्या हेडफोनमध्ये तानपुरा चालू, तिथे अखंड सा, आणि जी शार्पच्या अंगावर तो सा सुद्धा घासतो.

सर म्हणाले, "अरे तेच तर दुःख आहे, टोचलं पाहिजे."

टोचलं पाहिजे हे मान्य, पण कुणाला? ऐकणाऱ्याला टोचायच्या आधी ते गाणाऱ्याला टोचत होतं. सरांच्या हट्टापायी तसाही टेक घेतला. ताईंचा निषाद खालच्या सुराकडे ओढला जायला लागला, धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. ताई घरी तेलुगू बोलतात पण मराठी गाताना एक अक्षर इकडचं तिकडं होत नाही, सुराला तर पक्क्या, त्यांचा सूर हलतोय म्हणजे दोष गळ्याचा नाही हे कंट्रोल रूममध्ये बसलेल्या कुणालाही कळायला हवं. त्याच शेवटी म्हणाल्या, "दादा, खालचा सूर मला माझ्या जागेवर उभं राहू देत नाहीये." मी जी शार्प म्यूट केला, ए सरळ जी वर आणला, पुढच्याच टेकला निषाद जिथल्या तिथं. माझं स्पष्ट मत आहे, उतरता बेस लावायचा तर आधी चालीतला प्रत्येक थांबलेला सूर बेसच्या प्रत्येक सुराशी लावून बघायचा, नुसत्या कॉर्डशी नाही. भरभर निघून जाणारा सूर घासला तर चालतो, लांबवलेला घासला की गाणं बेसूर वाटतं आणि लोक गायिकेला नावं ठेवतात.

जी शार्प पूर्ण गेला असंही नाही, चौथ्या आवर्तनातल्या ई मेजरमध्ये तो उजव्या हातात आहेच. तिथे ताई पंचमावर असतात, भांडण नाही, उलट तोच शुद्ध निषाद परत सा कडे ओढून नेतो आणि साखळी नव्याने सुरू होते.

दुसरं भांडण कीबोर्डवाल्याशी. पोरगा हुशार आहे पण सगळ्या स्टेजवाल्यांसारखी सवय, डाव्या हाताने खाली मूळ सूर ऑक्टेव्हमध्ये दाबत राहायचं. बेस गिटारवाला एफ शार्पवर आणि ह्याचा डावा हात खाली ए वर, तर उतरण ऐकू येणार कशी, सगळा चिखल. मी म्हणलं डावा हात काढूनच टाक बे, खालचा सगळा मजला बेसला दे. त्याला ते अपमानासारखं वाटलं बहुतेक. आणि स्टेजवर जे स्टाइल, म्हणजे कीबोर्डमधली तयार साथ, लावून वाजवतात ना, त्यात तर कीबोर्ड स्वतःच कॉर्ड ओळखून मूळ सुराचा बेस देतो, तुम्ही जी खाली धरून सी मेजर दाबली तरी बेस सी वाजतो. त्यासाठी 'फिंगर्ड ऑन बेस' असा मोड असतो, त्यात सगळ्यात खाली दाबलेला सूर बेसला जातो. सोलापुरातल्या निम्म्या ऑर्केस्ट्रात हा मोड कुणी कधी उघडून बघितलेला नसेल. उतरता बेस असलेली चांगली चांगली गाणी स्टेजवर सपाट वाटतात त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच.

मिक्स झाल्यावर मामांना बोलावलं. इतकी वर्षं मागाच्या खडखडाटात काढल्यामुळे मामांना वरचं कमी ऐकू येतं, स, श, त असली अक्षरं निसटतात, आवाजाने कान जातात तेव्हा आधी वरच्या पट्टीतलंच जातं. खालचं मात्र शाबूत. मोठ्या स्पीकरवर दुसरा अंतरा लागला आणि मामा पहिल्याच ओळीला म्हणाले, "हितं खालनं काय तरी उतरतंय की." कॉर्ड, बेस यातलं काहीच त्यांना ठाऊक नाही. मी काही न सांगता त्यांनी ते पकडलं, मला फार बरं वाटलं.

पण रात्री मामांचा घरून फोन. मोबाईलवर ऐकलं, आणि ते उतरणं काढून टाकलं का विचारत होते.

काढलं नव्हतं, मोबाईलने खाल्लं होतं. बेस गिटारचा तो ए ५५ हर्ट्झचा, तिथून उतरत ई पर्यंत म्हणजे साधारण ४१ हर्ट्झ, चार तारांच्या बेसचा सगळ्यात खालचा सूर. मोबाईलचा एवढासा स्पीकर दोनशेच्या खाली जवळजवळ काही देत नाही. आणि कॉर्ड्स तर मी मुद्दाम त्याच ठेवलेल्या! म्हणजे मोबाईलवर दुसरा अंतरा पहिल्यासारखाच ऐकू येणार, आणि आपलं गाणं ऐकणारे शंभरातले बहुतेक लोक मोबाईलवरच ऐकणार.

आवाज वाढवून उपयोग नसतो, जे स्पीकरमधून निघतच नाही ते वाढवून काय. मी दोन गोष्टी केल्या. बेसच्या ट्रॅकवर थोडं सॅच्युरेशन दिलं, त्याने मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे वरचे सूर तयार होतात आणि ते छोट्या स्पीकरवर वाजतात, मग कान त्यावरून खालचा सूर स्वतःच ओळखतो. आणि नायलॉन गिटारवर तीच उतरण दोन सप्तक वर, हळू, ताईंच्या आवाजाच्या मागे. २२० पासून १६५ हर्ट्झ, शिवाय तारेचे वरचे सूर, त्यामुळे मोबाईलवर स्पष्ट. गिटार इतकी हळू ठेवली की मोठ्या स्पीकरवर ती वेगळी वाटू नये, बेसलाच धार आली असं वाटावं. गाणं मामांना परत पाठवलं, त्यांचा मेसेज आला, "आता हाय."

सरांशी एक मुद्दा अजून मिटलेला नाही. इतकं चांगलं लागतंय तर पहिल्या अंतऱ्यालाही लावू म्हणतात. मी नाही म्हणतोय. पहिल्या अंतऱ्यात बेस कॉर्डच्या मूळ सुरांवरच ठेवलाय, कानाला सवय झाली पाहिजे की ही साखळी अशी वाजते, तेव्हाच दुसऱ्यात ती खालून सरकलेली कळेल. पहिल्यापासूनच उतरत राहिला तर ती नुसती एक छान चाल होईल. शिवाय पहिल्या अंतऱ्यात मुलगा अजून घरात आहे, त्याचं बालपण आहे, तिथं उतरायचं कशासाठी? दोन्ही मिक्स करून सरांकडे दिलेत. त्यांनी अजून काही कळवलं नाही, पण ताईंनी आणि मामांनी न विचारता दुसरंच मिक्स निवडलंय, ज्यात उतरण फक्त दुसऱ्या अंतऱ्यात आहे, आणि सरांनी पहिलं निवडलं तर मी परत एकदा त्यांच्याकडे जाऊन बसणार आहे.