अपडेटनंतर अ‍ॅप उघडताच बंद : काकूच्या जुन्या फोनवरचा माझा अनुभव

काकू डबे देते आणि कुणाचे किती डबे झाले, कुणाचे पैसे बाकी आहेत हे सगळं फोनवरच्या एका हिशोबाच्या अ‍ॅपमध्ये ठेवते. रात्री ते अ‍ॅप आपोआप अपडेट झालं आणि सकाळी उघडायला गेली तर लोगो क्षणभर दिसायचा आणि अ‍ॅप बंद, दोन-तीनदा असं झालं की मग "अ‍ॅप सारखं बंद पडतंय" असा मेसेज यायचा. फोन जुना, अँड्रॉइड ७.१.२, कंपनीकडून त्याला पुढचं अँड्रॉइड येणार नाही. महिनाअखेर तोंडावर होती त्यामुळे काकू रडकुंडीला आलेली, "अगं माझा सगळा हिशोब त्यात आहे, गेला का तो?" एवढंच विचारत होती.

फोन बंद-चालू केला, मग सेटिंग्ज > अ‍ॅप्स > ते अ‍ॅप > स्टोरेज मध्ये जाऊन क्लिअर कॅशे केलं. काही फरक नाही. या दोन गोष्टींनी काही जात नाही, कॅशे म्हणजे अ‍ॅपने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेल्या तात्पुरत्या फायली, म्हणून त्या आधी बिनधास्त करून घ्यायच्या.

त्याच्याच शेजारी क्लिअर डेटाचं बटन असतं आणि तिथे मात्र मी थांबले. ते दाबलं की अ‍ॅपने फोनमध्ये साठवलेलं सगळं, म्हणजे डेटाबेस, लॉगिन, सेटिंग्ज, सगळं पुसलं जातं. अनइन्स्टॉल केलं तरी तेच होतं. त्यामुळे आधी हे कळायला हवं की हिशोब फक्त फोनमध्येच आहे की सर्व्हरवर पण आहे, आणि अ‍ॅपच उघडत नाही तर आत जाऊन एक्सपोर्ट तरी कसं करणार! मग तेच अ‍ॅप मी माझ्या फोनवर टाकलं, काकूचा नंबर घातला, तिच्या फोनवर आलेला ओटीपी तिच्याकडून घेतला आणि आत गेले तर सगळी गिऱ्हाइकं, सगळ्या बाक्या दिसल्या. वर "शेवटचं सिंक" म्हणून आदल्या दुपारची वेळ होती. म्हणजे आदल्या संध्याकाळच्या डब्यांच्या नोंदी सर्व्हरवर पोचल्याच नव्हत्या. काकू वहीतही लिहिते म्हणून निभावलं, त्या नोंदी वहीत होत्या हे बघूनच मी पुढे गेले. कुणाकडे वही नसेल तर तिथेच थांबा, दुरुस्त केलेला अपडेट येईपर्यंत क्लिअर डेटा करू नका, कारण नुसतं अ‍ॅप अपडेट झाल्याने डेटा पुसला जात नाही.

यातून अजून एक गोष्ट कळली. तेच व्हर्जन माझ्या अँड्रॉइड १४ वर नीट चाललं, आणि खातं तेच. म्हणजे सर्व्हरवरची एखादी नोंद बिघडली असण्याची शक्यता बरीच कमी झाली, गडबड एक तर काकूच्या फोनमधल्या डेटात किंवा त्या फोनच्या अँड्रॉइडमध्ये.

मग क्लिअर डेटा केलं. अ‍ॅप उघडलं! लॉगिनचा स्क्रीन आला, काकूचा चेहरा खुलला, नंबर टाकला, ओटीपी टाकला, आणि पहिला हिशोबाचा स्क्रीन यायच्या क्षणी परत बंद. त्यानंतर पुन्हा उघडलं की आधीसारखंच लगेच बंद. वाईट वाटलं पण हे महत्त्वाचं होतं, कारण अ‍ॅप सुरू होऊ शकतं हे कळलं आणि नेमकं कुठल्या स्क्रीनवर मरतं तेही कळलं. जुना डेटा तर आता नव्हताच, तरी पडतंय, म्हणजे दोष डेटाचा नाही.

तरी रीइन्स्टॉल करून बघितलं, कारण डाउनलोड अर्धवट झालेलं असू शकतं. अनइन्स्टॉल केलं, प्ले स्टोअरवरून परत घेतलं, आणि यावेळी तर लॉगिनचा स्क्रीनसुद्धा न येता उघडताक्षणी बंद. कोऱ्या अ‍ॅपने तर लॉगिन विचारायला हवं ना? याचं कारण अँड्रॉइडचा ऑटो बॅकअप. अँड्रॉइड ६ पासून, बॅकअप चालू असेल आणि अ‍ॅपने नको म्हटलेलं नसेल तर, अ‍ॅपचा डेटा २५ एमबीपर्यंत गूगल खात्यात ठेवला जातो आणि अ‍ॅप परत इन्स्टॉल झालं की तो गुपचूप परत भरला जातो. काकूचं जुनं लॉगिन असं परत आलं होतं आणि अ‍ॅप थेट त्या पडणाऱ्या स्क्रीनवर जात होतं. म्हणून कधी रीइन्स्टॉल करूनही तसंच होत असेल तर इन्स्टॉल झाल्यावर परत एकदा क्लिअर डेटा करून मग उघडायचं, क्लिअर डेटानंतर तो बॅकअप परत भरला जात नाही. इथे तसं केल्यावर लॉगिन आलं, आणि लॉगिननंतर परत तेच.

आता उरलं अँड्रॉइडचं व्हर्जन. प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या माहितीत खाली बघितलं तर "अँड्रॉइड ७.० आणि पुढे" असं लिहिलेलं. म्हणजे कागदोपत्री काकूचा फोन बसतो, आणि तसं नसतं तर प्ले स्टोअरने तो अपडेट दिलाच नसता, जुनंच व्हर्जन राहू दिलं असतं. पण हा आकडा अ‍ॅप बनवणाऱ्याने लिहिलेला असतो, स्टोअर फक्त तो आकडा जुळतो का ते बघतं, आतलं सगळं त्या अँड्रॉइडवर चालतं की नाही हे त्याने सिद्ध होत नाही.

खरं कारण बघायला फोन लॅपटॉपला जोडला. सेटिंग्जमध्ये अबाउट फोनमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स येतात, त्यात यूएसबी डिबगिंग चालू केलं, लॅपटॉपवरून फोनला कमांड द्यायचं एडीबी हे टूल माझ्याकडे होतंच. अ‍ॅप एकदा पाडलं आणि ही कमांड दिली:

```
adb logcat -b crash -d
```

बऱ्याच ओळी आल्या, कामाची ही:

```
java.lang.NoClassDefFoundError: Failed resolution of: Ljava/time/LocalDate;
```

`java.time` हा तारखांचा हिशोब करणारा भाग, तो अँड्रॉइडमध्ये ८.० पासून आला. ७.१ मध्ये तो नाहीच. नव्या अपडेटमध्ये पहिल्या स्क्रीनवर "या महिन्याची बाकी" असं नवीन काहीतरी होतं, माझ्या फोनवर दिसत होतं ते, त्यासाठी तारीख लागली आणि जुन्या फोनवर ती वस्तूच सापडली नाही म्हणून अ‍ॅप कोसळलं. काकूने काहीही केलं असतं तरी हे फोनवर सुटणारं नव्हतं.

मग अ‍ॅपच्या पानावर दिलेल्या ईमेलवर लिहिलं: फोनचं मॉडेल, अँड्रॉइड ७.१.२, अ‍ॅपचं व्हर्जन, लॉगिननंतरच्या स्क्रीनवर पडतं हे, आणि ती एरर पूर्ण. "अ‍ॅप चालत नाही" एवढंच लिहिलं असतं तर त्यांनी क्लिअर डेटा करा असंच सांगितलं असतं. उत्तर चांगलं आलं, जुन्या अँड्रॉइडसाठी `java.time` अ‍ॅपच्या आतच भरून द्यायची सोय असते, `coreLibraryDesugaringEnabled` नावाची, ती या बिल्डमध्ये चालू नव्हती, पुढच्या अपडेटमध्ये येईल.

तोपर्यंत मधे कुणीतरी काकूला सुचवलं की जुन्या व्हर्जनची फाइल नेटवरून कुठूनही घे. मी नको म्हटलं. ज्या अ‍ॅपमध्ये लोकांचे नंबर आणि पैशांच्या बाक्या आहेत ते अनोळखी साइटवरून घ्यायचं नाही. माझ्या फोनवर तिचं खातं उघडं ठेवलं, वहीतल्या नोंदी तिथेच भरल्या आणि रोज रात्री ती फोनवर सांगायची, मी टाकायचे.

अपडेट आल्यावर आधी व्हर्जन नंबर बदललाय का ते बघितलं, मग लॉगिन केलं, आणि या वेळी पहिला स्क्रीन आला, या महिन्याच्या बाकीसकट. काकूने लगेच सगळ्या बाक्या वहीशी ताडून बघितल्या, जुळल्या. आता त्या अ‍ॅपच्या प्ले स्टोअरच्या पानावर तीन टिंबांत जाऊन ऑटो अपडेटची खूण काढून ठेवलीये, नवीन अपडेट आलं की आधी सिंकची वेळ बघायची आणि मगच हाताने अपडेट करायचं असं ठरलंय.