पट्टी संपली, दिवा चालूच

सांगलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. डेटा गेला म्हणून येणाऱ्यांची पहिली ओळ बहुतेक ठरलेली असते, "काहीच केलं नाही, आपोआप झालं." तासगावकडचा हा पोरगा मात्र प्रामाणिक निघाला. आल्याआल्या म्हणाला, "दादा, मी डिस्क तशीच ओढून काढली. पण पेनड्राइव्ह तर तीन वर्षं असाच ओढतोय की! त्याला कधी काय झालं नाही."

तो ड्रोनने शेतजमिनींचे फोटो काढून नकाशे करून देतो. आदल्या संध्याकाळी त्यानं 640 फोटो कार्डावरून एका पोर्टेबल हार्डडिस्कवर घेतले होते. एकेक फोटो साधारण 8 एमबीचा, म्हणजे सगळे मिळून 5 जीबीच्या आसपास. कॉपीची हिरवी पट्टी संपली, खिडकी बंद झाली, त्यानं केबल उपसली. घरी जाऊन ड्रोनमध्येच कार्ड फॉरमॅट केलं, सकाळी दुसऱ्या रानात 12 फोटो काढले आणि मग जुनं फोल्डर उघडलं.

मी डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली. अशा वेळी आधी `chkdsk /f` चालवायचं नाही, कारण विंडोजची ती आज्ञा दुरुस्तीच्या नावाखाली त्याच डिस्कवर लिहितं. फोल्डरमध्ये नावं 638 पर्यंत होती, शेवटची दोन नव्हतीच. 603 पर्यंतचे फोटो व्यवस्थित उघडत होते. पुढच्या 35 पैकी तीन उघडले, 32 उघडेनात. गंमत म्हणजे त्या 32 फायलींचा आकार अगदी बरोबर दिसत होता, कुठे 7.9 एमबी, कुठे 8.2. फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स व्ह्यूअरमध्ये 621 नंबरची फाइल उघडली. जेपेग फोटोची सुरुवात `FF D8 FF` अशी असते. इथे पहिल्या बाइटपासून शेवटपर्यंत `00 00 00`. चिठ्ठी चिकटवलेला रिकामा डबा.

डिस्क खराब होत चालली असती तर वाचताना अडखळली असती, काही सेक्टर वाचताच आले नसते. ही तर सरळ वाचत होती, फक्त शून्यं वाचत होती. म्हणून त्याचा लॅपटॉप मागवला आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टम लॉग काढला. आदल्या संध्याकाळी 157 क्रमांकाची नोंद होती, `Disk 1 has been surprise removed.` आणि तिला लागूनच डिस्कवर फायलींची मांडणी सांभाळणाऱ्या एनटीएफएसची 50 क्रमांकाची, `Delayed Write Failed`. म्हणजे विंडोजनंच लिहून ठेवलं होतं की मागाहून लिहायचं म्हणून ठेवलेलं लिहिता आलं नाही.

मग `diskmgmt.msc` उघडलं. त्याची डिस्क जोडून, खालच्या भागात डावीकडे जिथे `Disk 1` लिहिलेलं असतं तिथे राइट क्लिक, `Properties`, मग `Policies` हा टॅब. तिथे `Better performance` निवडलेलं होतं. विचारल्यावर त्याला आठवलं. आठवड्यापूर्वी कॉपी फार सावकाश होते म्हणून मित्रानं ते करून दिलं होतं. पेनड्राइव्ह लावून तोच टॅब बघितला, तिथे `Quick removal`. तीन वर्षांच्या नशिबाचं कोडं तिथेच सुटलं. ही निवड प्रत्येक डिस्कची वेगळी असते, आणि विंडोज 10 च्या 1809 आवृत्तीपासून बाहेरून जोडलेल्या डिस्कला मुळातच `Quick removal` मिळतं. त्याच्या पेनड्राइव्हला कुणी हात लावला नव्हता, एवढंच.

त्याला पटेना. "पट्टी तर पूर्ण झाली होती, दादा."

मी माझी एक जुनी डिस्क घेतली. ती `Better performance` वर टाकून काही जीबींचं फोल्डर कॉपी केलं आणि म्हटलं, पट्टीकडे नको, डिस्कच्या दिव्याकडे बघ. पट्टी संपली, खिडकी गेली आणि दिवा आणखी काही सेकंद लुकलुकत राहिला. त्या सेकंदांत त्याचे 34 फोटो होते. या निवडीत कॉपी करणारा प्रोग्राम फोटो विंडोजच्या हाती देतो, विंडोज तो रॅममध्ये ठेवून "झालं" म्हणतं आणि सवडीनं डिस्कवर उतरवतं. पट्टी दाखवते ते रॅमपर्यंतचं. उतरवताना क्रम काटेकोर पाळला जातोच असं नाही, म्हणून मधलेच तीन फोटो वाचले. हार्डडिस्कच्या आतही तिची स्वतःची थोडी मेमरी असते, तीही असंच करते. `Quick removal` मध्ये विंडोज हा साठा धरून ठेवत नाही. कॉपी हळू वाटते, पण पट्टी बरीचशी खरं बोलते. अर्थात कॉपी चालू असताना किंवा एखादी फाइल उघडी असताना केबल ओढली तर `Quick removal` काही वाचवत नाही.

मग नावं आणि आकार कसे टिकले? एनटीएफएस आपल्या नोंदींची वही ठेवतं, कुठली फाइल, केवढी, कुठे. केबल तुटली तर त्या वहीवरून फोल्डरची रचना सावरता येते. फोटोच्या आतला मजकूर त्या वहीत नसतो. जागा राखून ठेवली, पण तिथे खरोखर काही लिहिल्याची नोंद नाही, अशा ठिकाणी ते वाचणाऱ्याला शून्यं देतं. एक्सफॅट या दुसऱ्या मांडणीत तर अशी वहीच नसते, तिथे फोल्डरच्या यादीचाच घोळ होऊ शकतो.

एव्हाना मला नको ते वाक्य बोलावं लागणार होतं. डिस्कवरून पुसलं गेलेलं पुष्कळदा परत आणता येतं; डिस्कपर्यंत पोचलंच नाही ते कुठून आणणार? ते रॅममध्ये होतं आणि लॅपटॉप रात्री बंद झाला होता. पोरगा स्टुलावर बसून राहिला. त्या रानात परत ड्रोन उडवायचं तर मधल्या काळात ऊस तोडला होता.

"कार्ड कुठाय?" मी विचारलं.

ते अजून ड्रोनमध्येच होतं. बहुतेक ठिकाणी कार्ड फॉरमॅट होतं म्हणजे फक्त वरची यादी कोरी होते, फोटो खाली तसेच पडून असतात. काही यंत्रं सगळं कार्ड खरोखर पुसतात, तसं झालं असेल तर संपलं. कार्डाची आधी पूर्ण प्रत घेतली आणि त्या प्रतीवर `PhotoRec` चालवलं. ते यादी बघत नाही, `FF D8 FF` सारख्या खुणा शोधत जातं, म्हणून मूळ नावं मिळत नाहीत. फोटो यायला लागले. प्रत्येकाच्या आत काढल्याची वेळ असते, त्यावरून रांग लावली. संध्याकाळी सहापर्यंत हवे होते ते 34 च्या 34 हाती आले.

सकाळच्या 12 फोटोंनी काहीतरी खाल्लं असणार, ही धास्ती मला होतीच. खाल्लंही होतं. पण कोऱ्या कार्डावर लिहिणं सुरुवातीपासून झालं, त्यामुळे गेले ते कालचे पहिले 12, आणि ते डिस्कवर धडधाकट होते. डिस्कवर बुडाले ते शेवटचे, कार्डावर बुडाले ते पहिले. असं जुळून येणं रोज होत नाही.

त्याची डिस्क परत `Quick removal` वर टाकली. निघताना त्यानं यावेळी आधी स्क्रीनखालचं डिस्क काढून घेण्याचं चिन्ह दाबलं. विंडोज म्हणालं, डिस्क वापरात आहे, नंतर प्रयत्न करा. तो माझ्याकडे बघायला लागला. माझ्याच स्क्रीनवर 621 नंबरची फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये अजून उघडी होती.