तुम्ही विचारलंत म्हणून: डाकिरीचं माप

"डाकिरीत रम, लिंबू आणि साखर एवढंच असतं. मग माप तेच घेऊनही माझी कधी आंबट, कधी गुळमट का होते?"

कारण मापातल्या तीनपैकी दोन गोष्टी दर वेळी वेगळ्या असतात. एक लिंबू दुसऱ्यासारखं नसतं, आणि सिरप कोणी कसं केलंय त्यावर सगळं फिरतं. साखर आणि पाणी समान वजनाने घेतलं तर एक सिरप. साखर दुप्पट घेतली तर दुसरं, मिलीलीटरमागे साधारण चाळीस टक्के जास्त गोड. म्हणजे त्या घट्ट सिरपचे 20 मिली हे पातळ सिरपच्या जवळपास 28 मिलीइतके पडतात. पाककृती एका सिरपची आणि बाटली दुसऱ्याची, हा घोळ मला सगळ्यात जास्त वेळा दिसतो.

मी सुरुवात 60 मिली पांढरी रम, 25 मिली ताजा गाळलेला लिंबाचा रस आणि 20 मिली पातळ सिरप अशी करते. भरपूर बर्फ घालून दहा-बारा सेकंद जोरात हलवायचं, गाळायचं आणि मगच चाखायचं. हलवण्याआधी चाखून काही कळत नाही. त्यात बर्फाचं पाणी उतरलेलं नसतं, आणि थंडीने गोडवा दबतो तोही अजून दबलेला नसतो.

समजा पहिल्या घोटाला जिभेच्या कडा आकसल्या आणि मागे रम जाणवलीच नाही. मग लिंबू कमी करू नका. पेयाला धार त्यानेच येते. चमचाभर डाकिरी वेगळी काढून तिच्यात सिरपचे एक-दोन थेंब टाका. रमचा वास वर आला, तर साखरच कमी होती. पुढच्या ग्लासाला सिरप 25 मिली घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, तीही पाच मिलीच्या आत. लिंबू आणि सिरप दोन्ही एकदम बदललीत, तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

घशाला जळजळ होत असेल तर मात्र बहुतेक जण साखर वाढवतात, आणि इथेच चुकतात. पेय आंबट नसेल आणि नुसतं जळत असेल, तर बहुधा पाणी कमी पडलंय. आणखी चार-पाच सेकंद हलवा. तरीही जळत असेल तर बाटलीवरचं अल्कोहोलचं प्रमाण वाचा; जास्त कडक रम असेल तर तिला 60 ऐवजी 45-50 मिली पुरते. उलट, सगळंच फिकट लागलं तर दोष बर्फाचा: बारीक, पाणी सुटलेला बर्फ पेयाला थंड करण्याआधी पातळ करतो.

आणि ग्लास अर्धा झाला की पुन्हा चाखा. पेय कोमट होत जाईल तसा गोडवा वर येतो. पहिल्या घोटाला अगदी बरोबर वाटलेली डाकिरी शेवटी चिकट लागते, म्हणून मी ती सुरुवातीला किंचित आंबटच ठेवते, आणि ग्लास लहान घेते.