भाडं फक्त वरच जातं: रेंट रिव्ह्यूत गेलेले चौदा महिने

आमचं दुकान पश्चिम लंडनमध्ये आहे. डाळी, पिठं, मसाले, फरसाण आणि शनिवार-रविवार गरम बटाटेवडे. २०१९ साली २९ सप्टेंबरपासून दहा वर्षांची लीज घेतली, वर्षाला २८,००० पौंड भाड्याने. पाच वर्षांनी रेंट रिव्ह्यू होता, म्हणजे भाडं नव्याने ठरवायचं होतं. ह्यांनी सही करताना ते कलम वाचलं, मीही वाचलं, आणि दोघांनाही वाटलं की पाच वर्षांनी बघू.

कलम असं होतं: रिव्ह्यूच्या तारखेला बाजारात जे भाडं मिळेल ते, किंवा सध्याचं भाडं, यांपैकी जे जास्त असेल ते पुढे लागू. म्हणजे बाजार पडून २४,००० वर आला असता तरी आम्ही २८,००० च भरणार. पुण्याच्या माझ्या दिराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "वहिनी, आमच्याकडे दरवर्षी पाच टक्के वाढ आधीच लिहून टाकतात. वाढ कळते तरी!" इथे तेही नाही. किती वाढणार याचं भांडण वेगळं, आणि खाली येणार नाही हे आधीच ठरलेलं.

२०२४ च्या उन्हाळ्यात जागामालक कंपनीच्या सर्व्हेयरचं, म्हणजे त्यांच्या वतीने भाड्याचा आकडा काढणाऱ्या तज्ज्ञाचं, पत्र आलं: ३९,००० पौंड. मी ते बिलांच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. आमच्या लीजमध्ये लिहिलं होतं की २८ दिवसांत लेखी हरकत कळवली नाही, तर पत्रातलाच आकडा नवं भाडं ठरेल. हे मला चोविसाव्या दिवशी कळलं, तेही शेजारच्या केशकर्तनालयवाल्याने सहज विचारलं म्हणून. त्याच दिवशी रीतसर हरकत पाठवली, पोस्टाने, पोच घेऊन. इथल्या न्यायालयांनी १९७७ पासून धरलेलं आहे की रिव्ह्यूच्या तारखा थोड्या चुकल्या तरी सहसा हक्क जात नाही. पण मुदत चुकली तर काय होईल हे लीजमध्येच लिहिलेलं असेल, तर त्या भरवशावर राहू नये. हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, पण मला आठवलं ते असं.

मग आम्ही आमचा सर्व्हेयर नेमला. फी अडीच हजार पौंड, ठरवून. त्याने टेप काढली आणि मला पहिल्यांदा कळलं की दुकानाचं भाडं सरळ चौरस मीटरवर मोजत नाहीत.

रस्त्याकडच्या काचेपासून आत ६.१ मीटरपर्यंतची जागा म्हणजे झोन ए. तिला पूर्ण दर. पुढच्या ६.१ मीटरला, म्हणजे झोन बी ला, निम्मा. त्यापुढच्या झोन सी ला पाव. कोठीघराला आमच्या रस्त्यावर दहावा हिस्सा धरतात. कारण उघड आहे: दारात मांडलेल्या फरसाणाच्या बरण्या विकल्या जातात, मागच्या तांदळाच्या गोणीपर्यंत फक्त तांदूळ हवा असणाराच पोचतो. आमचं दुकान सहा मीटर रुंद. झोन ए ३६.६ चौरस मीटर. झोन बी तेवढंच, पण निम्मं धरून १८.३. त्यामागे तीन मीटर, म्हणजे १८ चौरस मीटर, त्याचा पाव ४.५. कोठीघर १६ चौरस मीटर, त्याचे १.६. बेरीज ६१. या एकसष्टला झोन ए चा दर लावायचा की झालं भाडं. मालकाच्या सर्व्हेयरने दर धरला होता ६४० पौंड. ६१ गुणिले ६४०, म्हणून ३९,०००.

(तुमच्या दुकानाची अशीच झोनवार मापं सरकारी व्हॅल्युएशन ऑफिसच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात, कारण व्यापारी कराची आकारणी त्यावरच होते. मालकाने दिलेलं माप तिथे ताडून बघा.)

आता हा ६४० आला कुठून? इथेच आमचं वर्ष गेलं.

बाजारभाव ठरवताना सर्व्हेयर तुमच्या गल्ल्याकडे बघत नाही. लीजमध्ये एक काल्पनिक व्यवहार लिहिलेला असतो: रिव्ह्यूच्या तारखेला दुकान रिकामं आहे, देणारा राजी आहे, घेणारा राजी आहे, तुम्ही तिथे आहात हे विसरायचं, तुमची गिऱ्हाइकी विसरायची, तर काय भाडं ठरेल? त्याचं उत्तर आजूबाजूच्या खऱ्या व्यवहारांतून काढतात. रिकामं दुकान नव्या भाडेकरूने बाजारात घेतलं असेल तर तो पुरावा सगळ्यात वजनदार. दुसऱ्या कुणाचा रिव्ह्यू आपसांत मिटला असेल तर तो त्याखालोखाल, कारण तिथे भाडेकरूला उठून जाता येत नव्हतं.

मालकाच्या सर्व्हेयरकडे असा वजनदार पुरावा होता. आमच्यापासून तीन दुकानं सोडून एका कॉफीवाल्या साखळीने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गाळा घेतला होता. वर्षाला ३२,००० पौंड. झोननुसार त्याचं क्षेत्र ५०. भागाकार ६४०. रस्ता तोच, बाजू तीच. मला तर वाटलं संपलं आता.

आमचा सर्व्हेयर शांतपणे म्हणाला, "त्यांनी काही महिने भाडं माफ करून घेतलं असणार. किती ते शोधू." कॉफीवाल्यांना फोन केला, ते सांगेनात. गाळा भाड्याने लावणारा एजंट म्हणाला, गोपनीय आहे. मालकाचा सर्व्हेयर प्रत्येक ईमेलला तीन आठवड्यांनी एकच उत्तर देई: "आमच्या माहितीनुसार भाडं ३२,००० आहे." दिवाळी गेली, नाताळ गेला, मार्चचा हप्ता भरला. दर वेळी २८,००० च्या हिशोबाने भरताना मनात यायचं की फरक साठतोय, आणि त्यावर व्याजही.

शेवटी उत्तर सरकारी दफ्तरात सापडलं. सात वर्षांपेक्षा लांब लीज इथे लँड रजिस्ट्रीत नोंदवावी लागते, आणि तिची प्रत काही पौंडांत कुणालाही मिळते. कॉफीवाल्यांची लीज दहा वर्षांची. आमच्या माणसाने ती मागवली. मुदत सुरू: ऑक्टोबर २०२३. भाडं सुरू: ऑक्टोबर २०२४. दोन तारखांमध्ये बारा महिने! शिवाय पाचव्या वर्षी सोडून जायची मुभा. कुणीही बोललं नव्हतं, पण कागद बोलत होता. हे पहिल्या आठवड्यात करता आलं असतं, ही माझी अजूनची जळफळ आहे.

मालक असं का करतात? इमारतीची किंमत भाड्याच्या पटीत धरली जाते आणि शेजाऱ्यांचे रिव्ह्यूही त्याच आकड्यावर होतात. म्हणून वर्षभर फुकट देतील, पण कागदावरचं भाडं कमी करणार नाहीत.

मग वाद सुरू झाला की या बारा महिन्यांचं करायचं काय. आमच्या लीजमध्ये वाक्य होतं की दुकान सजवण्यासाठी नव्या भाडेकरूला मिळणारी फुकट मुदत मिळून संपली आहे असं समजावं. मालकाच्या बाजूने म्हणणं आलं: बघा, मुदत संपलेली धरायची, म्हणजे ३२,००० हेच खरं भाडं. आमचं म्हणणं: सजावटीला लागतात तीन महिने. ते सोडून देऊ. उरलेले नऊ महिने ही भाड्यातली लपवलेली सूट आहे, आणि त्याबद्दल तुमचं वाक्य काही बोलत नाही. १९९५ साली अपील न्यायालयाने अशा चार लीज एकत्र तपासल्या होत्या. शब्द अगदी निःसंदिग्ध असतील तरच मालकाला असं फुगवलेलं भाडं मिळेल, असा तो निकाल. चारांपैकी एका लीजमध्ये शब्द तसे होतेही, आणि तिथे मालक जिंकला. म्हणून आपल्या लीजमधलं हे एक वाक्य सही करण्याआधी वकिलाला दाखवा. सजावटीपुरतं आहे का सगळ्याच सवलतींबद्दल आहे, यावर हजारो पौंड लटकलेले असतात.

मालकाच्या सर्व्हेयरने नऊ महिने मान्य केले, पण म्हणाला सूट दहा वर्षांवर पसरा. १२० पैकी १११ महिन्यांचं भाडं धरलं की वर्षाला २९,६०० पडतं, म्हणजे दर ५९२, आणि आमचं भाडं ३६,०००. आमचा माणूस म्हणाला, पाच वर्षांवर पसरा, कारण पाचव्या वर्षी कॉफीवाले सोडून जाऊ शकतात आणि तेव्हाच भाडंही पुन्हा ठरणार. ६० पैकी ५१ महिने धरले की २७,२००, म्हणजे दर ५४४. इथे एकच बरोबर उत्तर नसतं, हे मला पचायला जड गेलं. आपसांत जमलं नाही तर प्रकरण लवादाकडे जातं, आणि तिथे कोण जास्त पटवून देतो यावर ते असतं.

दरम्यान भिंतीची गोष्ट. मागचे ते १८ चौरस मीटर आम्ही घेतलं तेव्हा कोठीघर होतं. मधली भिंत आम्ही आमच्या खर्चाने, मालकाच्या परवानगीने पाडली. भाडेकरूने संमतीने केलेली सुधारणा आमच्या लीजप्रमाणे मोजायची नाही. म्हणजे तिथे पाव नव्हे, दहावा हिस्सा: ४.५ ऐवजी १.८. एकूण ६१ चे ५८.३. पण परवान्याचा कागद? मालक कंपनीला म्हणे सापडत नव्हता. माझ्या सासूबाईंनी तो पासपोर्टांच्या पिशवीत ठेवला होता, कारण त्यावर शिक्का होता.

५८.३ गुणिले ५४४, जवळपास ३१,७००. आमच्या माणसाने ३१,२०० चा प्रस्ताव लेखी पाठवला, अशा शब्दांत की लवादाला तो भाडं ठरवताना दाखवता येणार नाही, पण खर्च कुणी सोसायचा हे ठरवताना दाखवता येईल. लवादाने त्याहून जास्त दिलं नाही, तर पत्रानंतरचा दोन्ही बाजूंचा खर्च बहुधा मालकाच्या गळ्यात. तोवर रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्सच्या अध्यक्षांकडे लवाद नेमण्याचा अर्ज गेला होता. लवादाकडे म्हणणं मांडायच्या आठवड्यात मालकाच्या सर्व्हेयरचा फोन आला: ३१,५००.

घेतलं. नोव्हेंबर २०२५ होता तो. चौदा महिन्यांचा फरक ४,०८३ पौंड, वर व्याज, आणि सर्व्हेयरची फी. नव्या भाड्याच्या कागदाच्या दोन्ही प्रतींवर सह्या झाल्या, एक लीजला टाचून ठेवली.

आयर्लंडने २८ फेब्रुवारी २०१० पासूनच्या व्यापारी लीजमध्ये ही फक्त-वर भानगड बंद केली. इंग्लंड-वेल्ससाठी तसाच प्रस्ताव जुलै २०२५ मध्ये संसदेत आला, पण नव्या लीजसाठी, म्हणजे आमच्या सहीनंतर सहा वर्षांनी. आमची लीज २०२९ ला संपते. १९५४ च्या कायद्याने व्यापारी भाडेकरूला लीजच्या नूतनीकरणाचा हक्क मिळतो, ते संरक्षण आम्ही सोडून दिलेलं नाही, त्यामुळे नूतनीकरणाचं भाडं नुसत्या बाजारभावाने ठरेल आणि खालीही येऊ शकेल. सासूबाईंनी परवान्याचा कागद पुन्हा पासपोर्टांच्या पिशवीत ठेवला आहे.